भाड्याच्या कपड्यांचं वर्णन: पाहुणी मनात काय मोजत असते

प्रश्न: लग्नाला जाणाऱ्या पाहुण्यांना कपडे आणि दागिने भाड्याने द्यायचं आमचं दुकान आहे. फोटो चांगले आहेत, चौकशीही होते, पण बुकिंग होत नाही. प्रत्येक पोशाखाखाली नेमकं काय लिहावं?

भाड्याच्या कपड्यांच्या दुकानात मी बरीच वर्षं काउंटरवर बसले. वर्णनं लिहायचं काम नंतर माझ्याकडे आलं. आमच्याकडेही तुमच्यासारखंच होत होतं. लोक फोटो बघून यायचे, 'मला होईल का?' असं विचारायचे आणि उत्तर गुळमुळीत मिळालं की परत फिरायचे. विकत घेतलेला कपडा घरी आणून सावकाश शिंप्याकडे देता येतो. भाड्याचा कपडा हातात पडतो तेव्हा समारंभ दोन दिवसांवर आलेला असतो, म्हणून वर्णनातला बहुतेक भाग मापांना द्या.

आमच्या एका लेहेंग्याखाली आधी एवढंच होतं: 'पाचूच्या रंगाचा डिझायनर लेहेंगा, भरगच्च वर्क, राणीसारखं मिरवा. फ्री साइज.' एका ताईंनी तो फोटोवरून ठरवला. कमरेला नाडी होती, त्यामुळे घागरा बसला. ब्लाउज छातीलाही बसला. पण बाही दंडाच्या वर सरकेना. बाजूच्या शिवणीत माया होती, बाहीत अर्धा इंचसुद्धा नव्हती. त्या ऐनवेळी घरातली साडी नेसून लग्नाला गेल्या. चूक आमचीच होती, कारण 'फ्री साइज' हे फक्त नाडीबद्दल खरं होतं.

त्यानंतर तो पोशाख टेबलावर पसरला आणि टेप घेऊन बसलो. ब्लाउजची छाती भरली 36 इंच. शिवणीत दोन्ही बाजूंना मिळून 2 इंच माया, म्हणजे उसवून 38 पर्यंत जाणार आणि टाके घालून 34 पर्यंत आत येणार. पण हे झालं कपड्याचं माप. अंग त्याहून निदान एक इंच कमी हवं, नाहीतर हात वर केला की हूक ताणतात. म्हणून पानावर अंगाचं माप द्यायचं ठरवलं: छाती 33 ते 37. दंडाचा घेर कपड्यावर 12 इंच होता आणि तो वाढणारच नव्हता, म्हणून लिहिलं: 'दंड साडेअकरा इंचांपर्यंत'. ही एक ओळ आली आणि परत येणारे ब्लाउज बरेच कमी झाले.

उंचीचंही असंच आहे. घागऱ्याची लांबी 40 इंच एवढंच लिहिलं तर बाईला काही कळत नाही, कारण स्वतःचं कमरेपासूनचं माप कुणालाच पाठ नसतं. तिला मोजायला सांगा: ज्या चपला घालणार त्या घालून उभ्या राहा, नाडी बांधाल तिथून जमिनीपर्यंत टेप सोडा. 41 आलं तर घेर जमिनीच्या इंचभर वर राहील, चालताना पायात येणार नाही. 39 आलं तर घेर पायाखाली येईल, म्हणजे एकतर टाच वाढवा किंवा आमच्याकडून खालून टीप मारून घ्या.

मग त्याच लेहेंग्याचं वर्णन आम्ही असं लिहिलं:

'पाचूच्या रंगाचा लेहेंगा, सोबत ब्लाउज आणि ओढणी. छाती 33 ते 37, दंड साडेअकरापर्यंत, कंबर 28 ते 36. चपला घालून कमरेपासून जमिनीपर्यंत 40 ते 41 इंच भरत असेल तर जसाच्या तसा बसेल. पूर्ण संचाचं वजन 3 किलो. बहुतेक भार कमरेवर येतो, ओढणी हलकी आहे. जमिनीवर बसता येतं, नाचताना घेर हाताने धरावा लागतो. ब्लाउजच्या पाठीला दोरी आहे, आत कप शिवलेले आहेत. डाव्या बाजूला घेरावर दोन बोटांएवढी दुरुस्ती केली आहे, फोटो 5 मध्ये दिसेल.'

'राणीसारखं' हा शब्द आम्ही मुद्दाम काढला. तुमची गिऱ्हाईक नवरी नाही. तिला छान दिसायचंय, पण नवरीपेक्षा भारी दिसायचं नाही. शिवाय ती चार-पाच तास बसणार, उठणार, कुणाचं तरी मूल कडेवर घेणार, म्हणून वजन आणि बसता येतं का हे तिला आधी कळायला हवं. दुरुस्तीची ओळ लिहायला आमचे मालक तयार नव्हते. पण घरी गेल्यावर तो टाका तिला स्वतःला सापडला तर डिपॉझिट कापलं जाईल या भीतीने तिचा सगळा समारंभ त्यातच जातो. आधी सांगितलं की तो टाका तिच्या माथी येत नाही.

दागिन्यांच्या पानावर फार लिहावं लागत नाही. कानातल्याचं एका कानाचं वजन ग्रॅममध्ये द्या, फिरकी आहे की दाबाचं बटण ते लिहा आणि भार पेलायला केसांत अडकवायची साखळी सोबत आहे का तेही सांगा. कान टोचलेले नसतील तर चालेल का, हा प्रश्न हमखास येतो. हाराच्या दोरीची लांबी कुठून कुठपर्यंत कमी-जास्त होते हे द्या, कारण चोकर गळ्याला घट्ट होईल की छातीवर उतरेल हे त्यावरच ठरतं. मुलामा असेल तर खाली कोणता धातू आहे ते सांगा. निकेलने अनेकांच्या कानाला खाज येते. आणि अत्तर आधी लावून ते वाळल्यावर दागिने घालायला सांगा, कारण अत्तराने मुलामा निस्तेज होऊ शकतो.

आता तारखा. 'भाडं 3 दिवसांचं' या तीन शब्दांवरून आमच्याकडे सगळ्यात जास्त वाद झाले. नेण्याचा दिवस धरायचा की नाही? रात्री उशिरा परत दिलं तर? म्हणून दिवस मोजायचं काम गिऱ्हाइकावर टाकू नका, तारखांचं उदाहरणच द्या: 'समारंभ 12 तारखेला असेल तर कपडे 10 तारखेला संध्याकाळी 6 पर्यंत तुमच्या हातात आणि 13 तारखेला रात्री 8 पर्यंत आमच्याकडे परत.' 10 तारीख यासाठी, की घालून बघून बाही टोचत असेल तर 11 तारखेला आम्हाला सुई लावता यावी. एकाच कपड्याच्या दोन बुकिंगमध्ये ड्रायक्लीनिंग आणि दुरुस्तीला पुरेसे दिवस मोकळे ठेवा, नाहीतर ही ओळ लिहूनही पाळता येणार नाही.

डिपॉझिटबद्दल 'नुकसान झाल्यास रक्कम कापली जाईल' एवढंच लिहिलं की माणूस घाबरतो, कारण नुकसान कशाला म्हणायचं ते तुम्ही ठरवणार असता. दोन वाक्यांत फोड करा: 'हूक निघणं, काही मणी गळणं, गळ्यापाशी मेकअप लागणं, घेराला धूळ बसणं यासाठी काहीही कापत नाही. जळाल्याची खूण, कापड फाटणं, न निघणारा तेलाचा डाग किंवा दागिन्याचा हरवलेला भाग यासाठी दुरुस्तीच्या बिलाएवढी रक्कम कापतो आणि बिल दाखवतो.' त्याच्याच खाली हेही घाला: 'डाग पडला तर पाणी लावू नका, इस्त्री करू नका, आहे तसा आणून द्या.' रेशमावर पाणी लावलं की बऱ्याचदा डागाभोवती कडा उमटते आणि इस्त्रीने डाग पक्का होतो. घाबरून घरी धुतलेले कपडेच आमच्याकडे सगळ्यात वाईट अवस्थेत परत यायचे.

सुरुवात जास्त चौकशी होणाऱ्या पाच पोशाखांपासून करा. टेप, वजनकाटा आणि वही घेऊन बसा आणि बाही मोजायला विसरू नका.