जाहिरात आहे हे सांगण्याची भाषा

फोंडा, गोवा

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. सत्तरी तालुक्यातल्या होमस्टेचा तुझा 42 सेकंदांचा व्हिडिओ काल तीनदा पाहिला, त्यातला एकदा आवाज बंद करून. चित्रण सुरेख आहे. प्रसिद्ध करण्यापूर्वी तो मला दाखवलास हे फार बरे झाले, कारण त्यातली तीन-चार वाक्ये बदलावीत असे मला मनापासून वाटते.

मालकांनी तुला दोन रात्री जेवणासह मोफत ठेवले आणि वर सहा हजार रुपये दिले, हे तू मला फोनवर सांगितलेस. व्हिडिओत मात्र ही गोष्ट शेवटच्या दोन सेकंदांत ‘विशेष आभार’ एवढ्याच शब्दांत येते, आणि खालच्या मजकुरात अठरा हॅशटॅगांच्या रांगेत शेवटी #collab आहे. ‘आभार’ हा शब्द वाचून कोणालाही वाटेल की मालकांनी चित्रणाला परवानगी दिली किंवा चहा पाजला. मराठीत असे अंग चोरणारे शब्द पुष्कळ आहेत. ‘सौजन्याने’, ‘सहयोगाने’, ‘खास निमंत्रणावरून’ हे सगळे शब्द सभ्य आहेत, पण पैसे दिले गेले हे त्यांपैकी एकही सांगत नाही. मी स्वतः पूर्वी म्हापशातल्या एका दुकानासाठी ‘सौजन्याने’ लिहिले होते. माझ्या शेजारच्या काकूंनी तो व्हिडिओ पाहून तिथून मिक्सर घेतला आणि नंतर मला सहज विचारले, ‘तुझा मिक्सर अजून नीट चालतो ना?’ तो मी विकत घेतला आहे असे त्यांनी धरले होते, आणि तसे धरण्याला वाव माझ्याच शब्दाने दिला होता. तेव्हापासून मी ‘जाहिरात’ हा एकच शब्द वापरते. ‘प्रायोजित’ चुकीचा नाही, परंतु तो सरकारी पत्रकातला वाटतो. ‘जाहिरात’ मात्र आपल्याकडे मराठी वाचणाऱ्याला आणि कोकणी बोलणाऱ्यालाही विचार न करता कळतो.

नियमही याच दिशेने जातात. जाहिरात क्षेत्राची स्वनियंत्रण संस्था असलेल्या अॅस्कीची मार्गदर्शक तत्त्वे 14 जून 2021 पासून लागू आहेत. त्यांनुसार मोफत मुक्काम, भेटवस्तू, सवलत, एवढेच काय, नात्यातल्या माणसाचा व्यवसाय हादेखील उघड करण्याजोगा संबंध ठरतो, आणि तुझे मत अगदी निःपक्ष असले तरी ठरतो. व्हिडिओ 15 सेकंदांपेक्षा लहान असल्यास ‘जाहिरात’ असे लिहिलेली पट्टी किमान 3 सेकंद दिसली पाहिजे, 15 सेकंद ते 2 मिनिटांच्या व्हिडिओत एकूण लांबीच्या एक तृतीयांश वेळ. तुझ्या 42 सेकंदांना 14 सेकंद लागतात. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी 2023 मध्ये काढलेल्या सूचना पुस्तिकेत सोपी भाषा वापरा आणि उल्लेख व्हिडिओच्याच भाषेत करा असे सांगितले आहे. इन्स्टाग्रामची Paid partnership ही सोय जरूर चालू कर, मात्र तेवढ्यावर थांबू नकोस, स्वतःचा उल्लेखही ठेव.

ही पट्टी पहिल्या सेकंदापासून, वरच्या डाव्या कोपऱ्यात ठेव. उभ्या व्हिडिओत खालचा भाग खात्याच्या नावाने आणि मजकुराने झाकला जातो, उजवीकडे बटणे असतात. शिवाय तुझ्या चित्रात धुके आहे आणि त्यावर पांढरी बारीक अक्षरे विरून जातील, म्हणून मागे गडद रंगाची पट्टी हवी.

एवढे केल्यावर नियम पाळला जातो, परंतु माझी खरी हरकत तुझ्या पहिल्या वाक्याला आहे. ‘पावसात भटकताना हे घर अचानक सापडले,’ असे तू म्हणतेस. ते सापडले नाही; मालकांनी तुला निरोप पाठवून बोलावले. कोपऱ्यात ‘जाहिरात’ आणि आवाजात योगायोगाची गोष्ट, अशी जोडी झाली की प्रेक्षक दोन्हींवर अविश्वास ठेवतो, आणि ते योग्यच आहे. पट्टी लावल्याने खोटे वाक्य खरे होत नाही, म्हणून ते वाक्य काढावेच लागेल.

त्याच्या जागी मी असे म्हटले असते: ‘सत्तरीत पावसात दोन दिवस राहून आले. या घराच्या मालकांनी मला दोन रात्री मोफत ठेवले आणि व्हिडिओसाठी पैसेही दिले. एरवी खोलीचे भाडे रात्रीला साडेतीन हजार आहे.’ मधले वाक्य बोलायला सुमारे चार सेकंद लागतात. त्यात ‘पैसेही’ हा शब्द गाळू नकोस, कारण केवळ मुक्कामाचा उल्लेख केला तर ऐकणाऱ्याचा समज अर्धाच राहतो. रक्कम सांगण्याची गरज नाही. भाड्याचा आकडा लगेच आला म्हणजे जे तुला फुकट मिळाले ते प्रेक्षकाला कितीला पडेल हे त्याला तिथेच कळते, आणि तुझ्या कौतुकाकडे कसे पाहायचे हे तो स्वतः ठरवू शकतो.

तुझ्या दुसऱ्या मसुद्यात ‘व्हिडिओ पेड आहे, पण मला हे घर खरंच आवडलं’ असे वाक्य आहे. त्यातला ‘पण’ काढून टाक. ‘पण’ म्हटले की पैसे घेणे हा दोष आणि आवडणे ही सफाई, असा सूर लागतो, आणि पैसे घेतले की माणूस सहसा खोटे बोलतो हे तूच मान्य केल्यासारखे होते. दोन स्वतंत्र वाक्ये कर, मध्ये श्वास घे. ‘खरंच’ आणि ‘अगदी प्रामाणिकपणे सांगते’ हेही नको, कारण त्यांनी बाकीच्या वाक्यांवर उगाच संशय पडतो. पैशांचे वाक्य तू हसत, घाईघाईने उरकतेस असे त्या दुसऱ्या मसुद्याच्या ध्वनिमुद्रणात ऐकू येते. ज्या आवाजात अंगणातल्या फणसाबद्दल बोलतेस त्याच आवाजात आणि वेगात ते म्हण, आणि त्या वेळी संगीत वाढवू नकोस.

‘मालकांनी मला काहीही बोलायला सांगितले नाही’ हे वाक्य मात्र तपासून घे. त्यांनी मसुदा आधी पाहिला असेल, तर ‘व्हिडिओ त्यांनी आधी पाहिला, शब्द माझे आहेत’ एवढेच खरे आहे. त्यांनी एखादे वाक्य घालायला लावले असेल, तर तेही म्हणता येणार नाही.

शेवटचे दोन किलोमीटर रस्ता कच्चा आहे आणि खोलीत मोबाइलला नेटवर्क येत नाही, हे तू मला सांगितलेस, व्हिडिओत मात्र ते नाही. ते घाल. पावसात स्कूटर घेऊन जाणाऱ्याच्या दृष्टीने ती या व्हिडिओतली सर्वांत उपयोगी माहिती आहे. मालक तक्रार करतील अशी तुला भीती वाटते, म्हणून पुढच्या वेळी चित्रणाआधीच लेखी निरोपात दोन ओळी पाठव: पट्टी आणि पैशांचा उल्लेख राहणार, आणि पोहोचण्याबाबतची अडचण मी सांगणार. ‘ती जाहिरात वाटता कामा नये’ अशी अट कोणी घातली, तर ते काम घेऊ नकोस. त्या अटीचा अर्थ प्रेक्षकाला कळू द्यायचे नाही एवढाच होतो.

बदल झाले की व्हिडिओ घरातल्या कोणाला तरी एकदाच, आवाज बंद करून दाखव, आणि दुसऱ्या कोणाला फोन उलटा ठेवून नुसता ऐकव. मग दोघांनाही विचार, ‘मला या घराकडून काय मिळाले?’ एकाने जरी ‘माहीत नाही’ म्हटले, तर मला तो भाग पुन्हा पाठव. आपण दोघी बसून तेवढी चार सेकंदे पुन्हा लिहू.

तुझी,
ताई