आइस वाइनची द्राक्षं ‘सुकलेली’ म्हणावीत का?

“एका लेखाचं मराठी करतोय. त्यात आइस वाइन आणि नोबल रॉट वाइन अशा दोन गोड वाइन आल्यात. तासगावचे माझे मामा बेदाणा करतात. ते म्हणाले, दोन्हीकडं द्राक्षातलं पाणी कमी करून गोडी वाढवतात, म्हणजे आपल्या बेदाण्याचंच काम. मग दोन्हींना ‘सुकलेल्या द्राक्षांची वाइन’ लिहिलं तर चालेल का?”

नोबल रॉटला चालेल, आइस वाइनला नाही. मामांचं निरीक्षण निम्म्याहून जास्त बरोबर आहे, म्हणून बेदाण्यापासूनच सुरुवात करतो.

शेडवर माल टाकण्याआधी मामा द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात. त्यानं सालीवरच्या मेणाच्या थराला बारीक फटी पडतात, आतलं पाणी वाट काढून हवेत जातं आणि साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा उरतो. नोबल रॉटमध्ये हेच काम बोट्रायटिस सिनेरिया नावाची बुरशी करते, तेही मणी वेलीवर असतानाच. तिचे तंतू साल भेदतात आणि दुपारच्या उन्हा-वाऱ्यात पाणी उडून जातं. मणी आधी तपकिरी-जांभळा होतो, मग सुरकुततो आणि शेवटी त्यावर राखाडी लव दिसते. म्हणजे मणी खरोखर सुकलेला असतो. हंगेरीतल्या टोकाय भागात अशा मण्यांना ‘असू’ म्हणतात, त्याचा मूळ अर्थही वाळलेला असाच आहे.

बेदाण्याशी असलेलं साम्य इथं संपतं, कारण बुरशी फुकट काम करत नाही. ती मण्यातली थोडी साखर खाते आणि आम्ल त्याहून मोठ्या प्रमाणात खाते, विशेषतः टार्टारिक आम्ल. बदल्यात ग्लिसरॉल आणि काही नवे सुगंधी पदार्थ तयार होतात. म्हणून फ्रान्सच्या सोतेर्न भागातली वाइन जिभेवर दाट लागते आणि तिला मधाचा, सुक्या जर्दाळूचा वास येतो. हा वास मूळ द्राक्षात नसतो.

हीच बुरशी आपल्याकडं मणी सडवते. मालात गोडी भरलेली असताना अवकाळी झाला, मणी तडकले आणि पुढचे दोन-चार दिवस ढगाळ राहिले, की घड आतून कुजायला लागतो. सोतेर्नमध्ये बुरशीला पहाटेचं धुकं मिळतं, कारण सिरों ही थंड पाण्याची छोटी नदी तिथं गारोन नदीला मिळते. पण दुपारी ऊन पडतं आणि बुरशी आवरली जाते. दमट आणि कोरडं हवामान असं आलटून पालटून आलं तरच ‘नोबल’, नुसता दमटपणा राहिला तर साधी सड आणि आंबूस वास. एकाच घडातले मणीसुद्धा एकदम तयार होत नाहीत, म्हणून तोडणारे तीच बाग पुन्हा पुन्हा फिरून तेवढेच मणी काढतात.

आता आइस वाइन. इथं मणी निरोगी लागतो, बुरशी नकोच असते. जर्मनीत किंवा कॅनडाच्या नायगरा भागात पिकलेले घड मुद्दाम वेलीवर ठेवतात, पक्ष्यांसाठी जाळी लावतात आणि डिसेंबर-जानेवारीपर्यंत कडक थंडीची वाट पाहतात. कॅनडात उणे ८ अंश सेल्सियस किंवा त्याखाली पारा गेल्याशिवाय तोडता येत नाही. तोड बहुधा रात्री किंवा पहाटे होते आणि कडक गोठलेले मणी तसेच प्रेसमध्ये जातात.

खरा फरक त्या प्रेसमध्ये दिसतो. पाण्याचा बर्फ होताना त्याच्या स्फटिकात साखरेला आणि आम्लाला जागा मिळत नाही, ती उरलेल्या रसात ढकलली जातात. समजा, २२ ब्रिक्सचा एक किलो रस आहे. त्यात साधारण २२० ग्रॅम साखर असते. थंडीनं त्यातलं ३९० ग्रॅम पाणी गोठलं, तर राहिलेल्या ६१० ग्रॅम रसात तीच २२० ग्रॅम साखर असेल, म्हणजे ३६ ब्रिक्स. आम्ल मूळ रसात ७ ग्रॅम असेल, तर तेही एवढ्याच रसात येतं, म्हणजे किलोला साडेअकरा ग्रॅमच्या आसपास. त्यातलं थोडं थंडीत क्षाराच्या रूपानं खाली बसतं, पण बुरशीसारखं खाणारं कुणी नसतं. म्हणून आइस वाइन इतकी गोड असूनही जिभेला धार लावते आणि मूळ द्राक्षाचाच वास जपते.

म्हणजे मणी सुकलेला नाही. पाणी त्याच्यातच आहे, फक्त बर्फ होऊन, आणि दाबल्यावर ते सालीबरोबर प्रेसमध्ये मागं राहतं.

मामांकडं ब्रिक्स मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर असेलच. आइस वाइनवाल्यांच्या हातातही त्या पहाटे तोच असतो. पहिले थेंब सगळ्यात दाट येतात. दाब वाढत जातो, बर्फ विरघळू लागतो, तसा आकडा उतरतो. कॅनडाच्या आंटारियो प्रांतात रसाची सरासरी किमान ३५ ब्रिक्स भरावी लागते, म्हणून आकडा फार उतरायच्या आत प्रेस थांबवतात. उलट पारा फारच खाली गेला, तर मणी गोट्यांसारखे होतात आणि रस जवळपास निघतच नाही. सगळं जमलं तरी नेहमीच्या रसाचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून कमी हाती लागतो. पुढं इतक्या साखरेत यीस्टचाही दम लागतो, आंबायला आठवडे, कधी महिने जातात.

आणि थंडीच आली नाही तर? २०१९ च्या हंगामात जर्मनीत तेच झालं. हिवाळा उबदार गेला, पारा पुरेसा उतरला नाही आणि देशभरात कुठल्याच वाइन प्रदेशात आइस वाइनची तोड झाली नाही.

तेव्हा तुमच्या मजकुरात नोबल रॉटसाठी ‘बुरशीनं वेलीवरच सुकवलेल्या द्राक्षांची वाइन’ असं लिहा. नुसतं ‘सुकलेल्या’ लिहिलंत तर इटलीत घड रॅकवर वाळवून करतात त्या वाइनही त्यात येतील, आणि खरा बेदाण्याचा भाऊ तोच. आइस वाइनसाठी ‘वेलीवर गोठलेल्या द्राक्षांची वाइन’.

दोन्हीकडं ‘वेलीवर’ गाळू नका. सांगली-तासगावात बेदाण्यासाठी कोल्ड स्टोरेज भरपूर आहेत. उद्या कुणी तिथंच द्राक्षं गोठवून दाबली, तर गोड वाइन नक्की होईल आणि तिचं गणितही वरच्यासारखंच असेल. पण तोडल्यावर गोठवलेल्या द्राक्षांच्या वाइनला जर्मनी, कॅनडा आणि अमेरिकेतही आइस वाइनचं लेबल लावता येत नाही. अशा मालाला मराठीत ‘गोठवलेल्या द्राक्षांची वाइन’ म्हणावं: थंडीनं आपोआप गोठलेली ती ‘गोठलेली’ आणि माणसानं गोठवलेली ती ‘गोठवलेली’.