वकीलपत्र सोडताना: पत्र, अर्ज आणि कागदपत्रं

प्रश्न: "सोलापूर कोर्टात भावाभावांचा वाटपाचा दावा, मी प्रतिवादीतर्फे. आठ महिने फी नाही. वर मनाई हुकूम असताना पक्षकार यंत्रमागाची शेड विकायला निघालाय, सांगून ऐकत नाही. वकीलपत्र सोडल्याचं पत्र पाठवलं की सुटलो ना? फी मिळेपर्यंत कागद ठेवून घेऊ का?"

नाही, पत्राने सुटका होत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 3 नियम 4 प्रमाणे कोर्टाची परवानगी मिळेपर्यंत तुमचं वकीलपत्र कायम असतं. सुरुवातीच्या काळात मी हीच चूक केली. पत्र टाकलं, अर्ज दिला नाही, तारखेलाही गेलो नाही. त्या दिवशी वादीची साक्ष होती. 'नो क्रॉस'चा हुकूम झाला आणि तो रद्द करून घ्यायला पक्षकाराला खर्च भरावा लागला. तो माणूस फी बुडवणारा होता हे खरं, पण ते नुकसान माझ्यामुळे झालं.

म्हणून आधी पत्र, मग अर्ज. बार कौन्सिलच्या नियमांनुसार पुरेसं कारण आणि पुरेशी आगाऊ सूचना दोन्ही लागतात, तेव्हा उलटतपासाच्या आदल्या दिवशी हे काढू नका. पत्र पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा आणि भाषा साधी ठेवा:

"दाव्याची पुढील तारीख अमुक असून त्या दिवशी वादीचा उलटतपास आहे. ठरलेल्या फीपैकी इतकी रक्कम येणे आहे. मनाई हुकूम असताना शेड विकू नये, हे आपणांस अमुक तारखेस समक्ष सांगितले आहे. हुकूम मोडल्यास मालमत्तेची जप्ती व तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. मी वकीलपत्रातून मुक्त होण्यासाठी अर्ज देत आहे. आपण तारखेपूर्वी दुसरा वकील नेमावा."

शेड विकण्याची गोष्ट एवढ्याच पत्रात राहू द्या. कोर्टातल्या अर्जात ती लिहिलीत तर पक्षकाराने विश्वासाने सांगितलेलं तुम्ही समोरच्या भावाच्या हातात दिलंत. अर्जात 'पक्षकाराशी मतभेद झाल्याने काम चालवणे शक्य नाही' एवढं पुरतं. पत्राची प्रत आणि पोचपावती जोडायची असेल तर सल्ल्याचा मजकूर उघडा पडतो. त्यासाठी मी वकीलपत्र सोडत असल्याची दोन ओळींची वेगळी नोटीस पाठवतो आणि तेवढीच जोडतो. हुकूम होईपर्यंत प्रत्येक तारखेला हजर राहा.

कागद अडवून ठेवू नका. आर. डी. सक्सेना प्रकरणात 2000 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलंय की फीसाठी वकिलाचा पक्षकाराच्या फाइलवर हक्क नाही. येणं असेल तर वसुलीचा वेगळा दावा करा. उलटतपासाची आगाऊ फी घेतली असेल आणि तो झाला नसेल, तर ती परत करा. मूळ खरेदीखत, उतारे, नकला यांची यादी करून द्या आणि त्याच यादीच्या प्रतीवर त्याची तारखेसह सही घ्या.