पाचवीच्या वर्गात ऱ्हस्व-दीर्घ शिकवताना

ताई, सगळं शुद्धलेखन एकदम काढू नका. पहिल्या आठवड्यात एकच नमुना घ्या: ऊस–उसाचा, गूळ–गुळाची, दूध–दुधात, विहीर–विहिरीत, बहीण–बहिणीला. कोल्हापूरच्या पोरांना हे शब्द सांगावे लागत नाहीत, म्हणून सगळं लक्ष वेलांटी-उकारावर राहतं.

दहा चिठ्ठ्या जोडीला द्या, दोन ढीग करायला लावा: दीर्घाचे आणि ऱ्हस्वाचे. मग विचारा, "दुसऱ्या ढिगात शब्दाला काय झालं?" प्रत्यय लागला की आधीचा दीर्घ ऱ्हस्व होतो, हे त्यांच्याच तोंडून येऊ द्या. नियम आधी फळ्यावर लिहिलात तर चिठ्ठ्या नुसत्या लावल्या जातात.

दुसऱ्या दिवशी श्रुतलेखन, दोनच वाक्यं: "उसाच्या रसाचा गूळ झाला. चुलीवर खीर उकळली."

- 'चुलीवर' आणि 'खीर' चिठ्ठ्यांत नव्हते, हे मुद्दाम. तिथे चुकलं तर नमुना कळलेला नाही, शब्द फक्त पाठ झालेत.
- 'गूऽऽळ' असं ताणून सांगू नका, नेहमीसारखं बोला. ताणलं की उत्तरच फुटतं.
- तपासताना फक्त वेलांटी-उकार पाहा. बाकीच्या चुकांना आज लाल शाई नको.

'शरीर–शरीरात'सारखे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द दीर्घच राहतात. कुणी चुणचुणीत पोरानं विचारलंच, तर तिसरा ढीग करा. नाहीतर पंधरा दिवस थांबा.