कॅलिफोर्नियातल्या भाच्याला वाढदिवसाचा मेसेज कधी पाठवावा?

प्रश्न: भाचा कॅलिफोर्नियात असतो, ५ नोव्हेंबरला वाढदिवस. सोलापुरातून मेसेज किती वाजता पाठवू म्हणजे त्याला सकाळी उठल्या उठल्या मिळेल?

उत्तर: २०२६ मध्ये ५ तारखेलाच रात्री साडेआठला पाठवा, तेव्हा तिकडे ५ तारखेचे सकाळचे सात वाजलेले असतील. आपल्याकडे सगळे रात्री बाराच्या ठोक्याला शुभेच्छा टाकतात, पण त्या वेळी तो ४ तारखेच्या सकाळी साडेदहाला ऑफिसात बसलेला असेल. आदल्या दिवशीचं ‘हॅपी बर्थडे’ गोड मानून घेतात लोक, पण मजा जाते.

आता खरी गोम. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागे घेतात. त्याआधी कॅलिफोर्निया आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असतो, नंतर साडेतेरा. हा रविवार १ ते ७ तारखेत कधीही येतो, म्हणजे तुमच्या भाच्याचा वाढदिवस नेमका काठावर आहे. २०२६ मध्ये तो १ तारखेला येतो, म्हणून साडेआठ. २०२७ मध्ये तो ७ तारखेला आहे, त्यामुळे ५ तारखेला घड्याळं अजून बदललेली नसतील आणि साडेसातलाच पाठवावं लागेल. त्यामुळे फरक पाठ करू नका. मोबाईलच्या घड्याळात ‘लॉस एंजेलिस’ जोडून ठेवा, संपूर्ण कॅलिफोर्नियाची वेळ तीच.

व्हिडिओ कॉल करायचा असेल तर मात्र आधी त्याला विचारा. साडेआठला आपली जेवणं उरकलेली असतात, पण त्याची ऑफिसला निघायची घाई असेल.