शंभर एमबीतले साडेबारा

प्रश्न: म्हापशाला घरी शंभर एमबीचा प्लॅन घेतला. गावच्या जत्रेतल्या नाटकाची २ जीबीची फाइल भाच्याने पाठवली. ती वीस सेकंदांत उतरायला हवी होती ना? तीन मिनिटं लागली. केबलवाला मोबाइलवर ९४ दाखवतो आणि म्हणतो, स्पीड बरोबर आहे. एमबीपीएसमधला एमबी आणि फाइलचा एमबी वेगळा असतो का? आणि मराठीत त्यांना वेगळे शब्द आहेत का?

केबलवाला खोटं बोलत नाही आणि तुमचा भागाकारही चुकलेला नाही. गोंधळ ‘बी’चा आहे. प्लॅनमधला बी बिटचा, फाइलमधला बी बाइटचा. आठ बिटांची एक बाइट होते, म्हणून शंभराला आठाने भागायचं आणि हाती येतात साडेबारा. जुन्या माणसांना हा हिशेब तोंडपाठ असेल: रुपयाचा आठवा भाग दोन आणे, म्हणजे साडेबारा पैसे. (आमच्या आजोबांच्या पोर्तुगीज रुपयातही सोळाच तांगा होत्या, त्यामुळे त्यांनाही दोन तांगांत हे समजलं असतं.) तुमच्या २,००० मेगाबाइटना साडेबाराने भागलं की १६० सेकंद होतात. तीन मिनिटांपर्यंतची जी थोडी फट उरते, तिचं पुढे सांगतो.

आधी शब्दाचं, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे. रोमन लिपीत हा सगळा फरक एका अक्षराच्या उंचीवर टांगलेला आहे. लहान b म्हणजे बिट, मोठा B म्हणजे बाइट. म्हणून पडद्यावर Mbps दिसलं तर दर सेकंदाला मेगाबिट आणि MB/s दिसलं तर दर सेकंदाला मेगाबाइट. आता हेच देवनागरीत लिहा. आपल्याकडे लहान अक्षर आणि मोठं अक्षर ही भानगडच नाही, त्यामुळे दोन्हींचं ‘एमबी’ होतं आणि फरक लिहिता लिहिताच पुसला जातो. बोलताना तर तो इंग्रजीतही उरत नाही, कारण मोठा B कोणी मोठ्याने उच्चारत नाही.

त्यात आपण आणखी एक काटछाट करतो. ‘एमबीपीएस’मधलं शेपूट, म्हणजे ‘दर सेकंदाला’ हा अर्थ, जिभेला जड होतो म्हणून गळतो आणि उरतो ‘शंभर एमबीचा प्लॅन’. वेगाचं माप मग साठ्याच्या मापासारखं ऐकू येतं. बाजारात एकाच दुकानात मोबाइलचा ‘रोज दीड जीबी’वाला रिचार्ज आणि घरचं ‘शंभर एमबी’ कनेक्शन शेजारीशेजारी लावलेलं असतं. पहिल्यातला बी बाइटचा, दुसऱ्यातला बिटचा. पहिला साठा, दुसरा वेग. गिऱ्हाइकाने ओळखायचं कशावरून?

गंमत म्हणजे ‘बाइट’ हा शब्द घडवणाऱ्याला हा धोका आधीच दिसला होता. बिट हा ‘बायनरी डिजिट’चा आकुंचित शब्द. क्लॉड शॅनन यांनी १९४८च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात तो वापरला आणि सुचवल्याचं श्रेय जॉन टुकी यांना दिलं. पुढे १९५६मध्ये आयबीएमच्या ‘स्ट्रेच’ संगणकावर काम करताना वेर्नर बुखहोल्ट्झ यांना बिटांच्या गठ्ठ्यासाठी शब्द हवा होता. त्यांनी इंग्रजीतला घास या अर्थाचा शब्द उचलला, पण त्याच्या स्पेलिंगमध्ये मुद्दाम i ऐवजी y घातला, कारण लिहिताना शेवटचा e राहिला तर त्याचं bit होऊन बसेल. इतकी काळजी घेतली, पण पहिलं अक्षर तेच ठेवलं, आणि लघुरूपात नेमकं पहिलंच अक्षर उरतं! फ्रेंच लोक यातून सुटले. ते बाइटला ‘ऑक्टे’ म्हणतात, आठांचा गट या अर्थाने, आणि MB ऐवजी Mo लिहितात. तिथे हा घोळ होत नाही.

मग तारेवरच्या वेगासाठी बाइटच का नाही वापरली? हे कंपन्यांनी आकडा फुगवायला काढलेलं माप आहे, असं अनेकांना वाटतं. आठपट मोठा आकडा जाहिरातीला सोयीचा पडतो हे खरं, पण माप त्यांच्या जन्माआधीचं आहे. तारेवरून एकामागून एक बिटच जातात आणि त्यांतले किती मिळून एक अक्षर होतं, याचं तारेला सोयरसुतक नसतं. जुन्या टेलिप्रिंटरवर पाच बिटांचं अक्षर असे. मोडेमच्या काळात आठ बिटांच्या अक्षराला पुढेमागे आणखी एकेक बिट जोडावा लागे, म्हणजे दहा. ९,६०० बिटांच्या ओळीवरून सेकंदाला ९६० अक्षरं जात. बाइटसुद्धा आधी सहा बिटांचीही असे, ती आठांवर ठरली ती १९६४च्या आयबीएम सिस्टिम/३६०नंतर. तेव्हा वायरवाल्यांनी वायरीपुरतं माप धरलं. साठवणुकीत मात्र प्रत्येक बाइटला स्वतःचा पत्ता असतो, म्हणून फाइलवाल्यांनी बाइट धरली. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत.

आता ती फट. आपल्या मानकुरादच्या पेटीत आंब्यांसोबत गवत आणि पेटीचं वजनही असतं, तसंच तारेवर आहे. फाइलचे तुकडे करून पाठवतात आणि प्रत्येक तुकड्यावर पत्ता, क्रमांक, तपासणीचा आकडा चिकटवतात. घरच्या नेहमीच्या केबलवर फाइलच्या १,४६० बाइट पोचवायला तारेची १,५३८ बाइटांइतकी जागा खर्च होते. म्हणजे शंभरातले पंचाण्णवच कामाचे. केबलवाल्याच्या मोबाइलवरचे ९४ ते हेच. (काही कंपन्या प्लॅनच्या वर थोडी मोकळीक ठेवतात, तिथे १००च्या वरही आकडा दिसतो.) ९४ला आठाने भागलं की ११.७५.

शिवाय फाइलचा आकार कोण सांगतंय तेही पाहावं लागतं. विंडोज ‘2 GB’ म्हणते तेव्हा ती हजाराने नाही, १,०२४ने गुणत वर गेलेली असते. तिचे २ जीबी म्हणजे आपले साधे २,१४७ मेगाबाइट. त्यांना ११.७५ने भागलं की १८३ सेकंद, तीन मिनिटं आणि वर तीन सेकंद. तुमचं नाटक अगदी वेळेवर पोचलं.

म्हणून शंभरच्या प्लॅनवर ११ ते १२ MB/s दिसत असेल तर तक्रारीला जागा नाही. ४ किंवा ५ दिसत असेल तर दोष बहुधा वाय-फायचा, नाहीतर फाइल ज्या सर्व्हरवरून येतेय त्याचा. आधी वायरीने जोडून बघा, मग दुसऱ्या ठिकाणची फाइल उतरवून बघा.

हा ११चा आकडा ओळखीचा झाला की भलतीकडेही कामी येतो. गेल्या पावसाळ्यात मी तीनशेचा प्लॅन घेतला. फाइल काही ११.३च्या पुढे सरकेना. केबलवाला मुलगा आला, मोबाइलवर वाय-फायने चाचणी लावली, २९० आले. “पुराय येता मरे!” म्हणाला आणि गेला. त्याचं खरं होतं, पण ११.३ हा आकडा मला खटकत होता, कारण तो शंभराचा चेहरा आहे, तीनशेचा नव्हे. संगणकाच्या नेटवर्क सेटिंगमध्ये पाहिलं तर ओळ होती:

```
Link speed (Receive/Transmit): 100/100 (Mbps)
```

म्हणजे राउटरपर्यंत तीनशे येत होते आणि राउटर ते संगणक एवढ्या वायरीत शंभर उरत होते. त्या वायरीत तारांच्या चार जोड्या असतात. हजारच्या जोडणीला चारही लागतात, शंभरला दोन पुरतात, आणि उरलेल्या दोन जोड्यांतली एखादी तार तुटली की दोन्ही टोकं बहुधा गुपचूप शंभरवर तडजोड करतात. काही बंद पडत नाही, म्हणून कळतही नाही. माळ्यावर चढून पाहिलं तर वायर उंदराने कुरतडलेली. नवी टाकली, ओळीत `1000/1000 (Mbps)` आलं, आणि फाइल ३५ने उतरू लागली. तीनशेला आठाने भागून गवताचं वजन वजा केलं की तेवढेच येतात.

राहिला मराठी शब्दांचा प्रश्न. बिटला ‘द्विमान अंक’ म्हणता येईल, पण ते समजावून सांगायला, बोलायला नाही. मला वाटतं नवे शब्द लागतच नाहीत. बिट आणि बाइट हे पूर्ण लिहिले तर देवनागरीत ते इंग्रजीपेक्षा जास्त वेगळे दिसतात: एकात ह्रस्व बि, दुसऱ्यात बा. घोटाळा आहे तो फक्त लघुरूपात. ‘मेबि’ आणि ‘मेबा’ अशी लघुरूपं करावीत असं मलाही एकदा वाटलं होतं, पण १,०२४च्या हिशेबासाठी १९९८मध्ये ‘मेबी’ हाच उपसर्ग अधिकृत झालेला आहे, म्हणजे आगीतून फुफाट्यात. तेव्हा ‘दर सेकंदाला शंभर मेगाबिट’ आणि ‘दोन हजार मेगाबाइटची फाइल’ असं सरळ लिहावं. मी ‘तो बिट’ आणि ‘ती बाइट’ म्हणतो. बातमीदार घेतात ती बाइट आधीच स्त्रीलिंगी आहे, तिच्या पंगतीला हीही बसते. फक्त बिट दीर्घ लिहू नका, नाहीतर कोशिंबिरीतलं बीट होतं.

हे सगळं मी त्या केबलवाल्या मुलाला नवी वायर दाखवताना सांगितलं. त्याने मान डोलावली आणि पुढच्या महिन्याची पावती लिहून दिली. पावतीवर ठळक कॅपिटल अक्षरांत आहे: 300 MBPS. अक्षरं जशीच्या तशी धरली तर माझे दोन हजार चारशे मेगाबिट होतात.