बोगद्यात धूर दिसला की गाडीत बसायचं का उतरायचं?

प्रश्न: बोगद्यात पुढे धूर दिसतोय आणि सगळ्या गाड्या थांबल्यात, अशा वेळी काचा लावून गाडीतच बसायचं की उतरून पळायचं? आणि उड्डाणपुलाखाली असं झालं तर?

उतरायचं. इंजिन बंद करायचं, किल्ली गाडीतच ठेवायची, दार लॉक करायचं नाही आणि धुराकडे पाठ करून चालायला लागायचं. बोगद्यातली हवा खेळती ठेवणाऱ्या यंत्रणांवर मी बरीच वर्षं काम केलंय, आणि लोकांना हे एवढंच पटवणं सगळ्यात अवघड जातं. कारण गाडी आपली वाटते. एसी चालू असतो, काचा वर असतात, धूर अजून लांब दिसतो.

24 मार्च 1999 ला फ्रान्स आणि इटलीला जोडणाऱ्या माँ ब्लाँ बोगद्यात नेमकं हेच झालं. बोगदा 11.6 किलोमीटर लांब, एकच नळी आणि तिच्यात दोन्ही बाजूंनी वाहतूक. फ्रान्सकडून निघालेल्या एका ट्रकमधून धूर येऊ लागला. समोरून येणारे ड्रायव्हर लाइट मारून खुणावत होते, पण ट्रक थांबला तो पार बोगद्याच्या मध्यावर. माल होता मैदा आणि मार्गारीन. पेट्रोल नाही, केमिकल नाही, बेकरीचा माल. पण मार्गारीन म्हणजे शेवटी तेलच. आग 53 तास चालली, तापमान हजार अंशांच्या घरात गेलं आणि 39 माणसं गेली.

तो ट्रकवाला मात्र वाचला. केबिनने पेट घेतल्यावर तो इटलीच्या दिशेने पायी पळाला. बोगद्यातली हवा त्या वेळी इटलीकडून फ्रान्सकडे वाहत होती, त्यामुळे सगळा धूर ट्रकच्या मागे अडकलेल्या गाड्यांवर गेला. त्या गाड्यांतले बहुतेक लोक आपापल्या गाडीत बसलेलेच सापडले. गाडी वळवायला जागा नव्हती, आणि धुरात ऑक्सिजन कमी झाला की इंजिनही बंद पडतं. काचा लावल्याचा फायदा काही क्षणांपुरताच असतो. कार्बन मोनॉक्साइड गाडीच्या फटींतून आत येतो, एसीच्या फिल्टरला तो अडत नाही, आणि त्याला वासही नसतो. माणसाला आधी गुंगी येते, मग उतरायचं सुचतच नाही.

आता पुढचा प्रश्न, चालायचं कुठे. बोगद्याच्या तोंडापर्यंत नाही, जवळच्या सुटकेच्या दारापर्यंत. मोठ्या आगीत धूर उलटा मागे येऊ नये म्हणून छतावरचे जेट फॅन साधारण सेकंदाला तीन मीटर वेगाने हवा ढकलतात. आपण भराभर चाललो तरी सेकंदाला दीड मीटर. म्हणजे धूर आपल्या बाजूला वळला तर त्याच्याशी शर्यत जिंकता येत नाही. त्याआधी हिरव्या पाटीवर पळणाऱ्या माणसाचं चित्र असलेलं दार गाठायचं.

मुंबईच्या कोस्टल रोडसारखे बोगदे दोन नळ्यांचे आहेत, प्रत्येकीत एकाच दिशेची वाहतूक. तिथे पंखे वाहतुकीच्याच दिशेने हवा ढकलतात. आगीच्या पुढे गेलेल्या गाड्यांनी सरळ बाहेर पडायचं असतं, थांबून मागे बघत बसायचं नाही. आगीच्या मागे अडकलेल्यांकडे या पंख्यांमुळे बराच वेळ स्वच्छ हवा राहते. त्यांनी आल्या वाटेने मागे चालत जवळचा क्रॉस पॅसेज, म्हणजे दुसऱ्या नळीत नेणारी आडवी वाट, गाठायची. ते दार जड लागलं तर कुलूप आहे असं समजून सोडून देऊ नका. धूर आत येऊ नये म्हणून आतल्या हवेचा दाब मुद्दाम जास्त ठेवलेला असतो, अंगाचा भार टाकून ढकला. आणि पलीकडचं दार लगेच उघडून रस्त्यावर उतरू नका. तिकडची वाहतूक अजून थांबलेली नसेल तर आगीतून सुटून गाडीखाली जाल. आतच थांबायचं, कोणी येऊन सांगेपर्यंत.

अटल बोगद्यासारखी एकच नळी आणि दोन्हीकडची वाहतूक असेल तर आगीच्या दोन्ही बाजूंना माणसं अडकलेली असतात आणि धूर कोणाच्या तरी अंगावर येणारच. म्हणून तिथे रस्त्याच्या खालून वेगळा सुटकेचा मार्ग बांधलाय आणि दर 500 मीटरला त्यात उतरायचं दार आहे. पुढच्या वेळी मनालीकडून जाल तेव्हा व्हिडिओ काढता काढता ती दारं बघून ठेवा. माँ ब्लाँमध्येही तेव्हा आसऱ्याच्या खोल्या होत्या, पण त्यांना बाहेर जायची वाटच नव्हती, आणि अशाच एका खोलीत दोघांचा जीव गेला. बोगदा 2002 मध्ये पुन्हा सुरू झाला तो खोल्यांना रस्त्याखालून वाट काढून दिल्यावरच. तिथे आज चालत्या गाड्यांत 150 मीटर अंतर ठेवायची सक्ती आहे. आपल्याकडे कोणी तेवढं सोडलं तर मध्ये तिघे घुसतील, हे मान्य. तरी गाड्या थांबल्यावर पुढच्याला चिकटू नका, कडेला घ्या. अग्निशमनची गाडी मधूनच यायची असते. किल्ली आत ठेवायची तीही त्यासाठीच, त्यांना तुमची गाडी हलवावी लागते.

मोबाइलपेक्षा भिंतीवरचा एसओएस फोन बरा. उचलला की कंट्रोल रूमला तुमची जागा कळते. पण तो वाटेत असेल तरच, त्यासाठी धुराकडे जायचं नाही. धुरात सापडलातच तर वाकून, एक हात भिंतीवर ठेवून चाला. गरम धूर सुरुवातीला छताला चिकटून राहतो, लांब जाऊन थंड झाला की खाली उतरतो. म्हणून आगीपासून चारशे-पाचशे मीटरवरचा माणूस निर्धास्त असतो आणि त्याच्याच नाकातोंडात धूर जातो.

उड्डाणपुलाचं गणित वेगळं. तिथे धुराला बाजूने वाट मिळते, खरा धोका वरून येतो. 13 जून 2023 ला पुणे-मुंबई एक्सप्रेसवेवर खंडाळ्याजवळ कुणे गावाच्या पुलावर टँकर उलटून पेटला. पेटलेलं रसायन पुलावरून खालच्या रस्त्यावर सांडलं आणि तिथून जाणारे दुचाकीवाले त्यात सापडले. चौघांचा जीव गेला. पुलाला पावसाचं पाणी जायला नळ्या असतात, दोन गाळ्यांच्या, म्हणजे खांबांवर टेकलेल्या पुलाच्या तुकड्यांच्या, मध्ये फटी असतात. पाणी जिथून गळतं तिथूनच पेटता द्रवही गळतो. तेव्हा वर काही पेटलंय असं दिसलं तर पुलाखाली सावलीला थांबून शूटिंग करायचं नाही. पुलाच्या लांबीने नाही, आडवं, वाऱ्याच्या उलट दिशेने बाहेर निघायचं, आणि उताराच्या बाजूला तर मुळीच जायचं नाही.

आग पुलाखालीच लागली असेल, म्हणजे तिथे साठवलेलं भंगार, प्लॅस्टिक, उभ्या गाड्या, तर उलट वरच्यांनी पूल मोकळा करायचा. 2017 मध्ये अटलांटात पुलाखाली रचलेले प्लॅस्टिकचे पाइप पेटले आणि महामार्गाचा एक गाळा कोसळला. पोलिसांनी वाहतूक आधीच अडवली होती म्हणून कोणाला खरचटलंही नाही. तापलेल्या काँक्रीटमधून फटाक्यासारखे आवाज येऊन खपल्या उडायला लागल्या की पुलाच्या खाली किंवा वर कोणीच असता कामा नये. वर अडकलात तर गाडी सोडून आल्या बाजूला चालत उतरा. कठड्यावरून उडी मारू नका.